तिरप्या प्रकाशाचे काचेवरील परावर्तन: आपतन प्रतलाला लंब ध्रुवणाचा परावर्तन गुणांक सीमा-अटींवरून कसा काढावा

हवेतून आलेला एकरंगी प्रकाशझोत काचेच्या सपाट आणि गुळगुळीत पृष्ठावर तिरपा पडला, तर त्याचा काही भाग परत फिरतो आणि उरलेला आत शिरतो. किती भाग परत फिरेल हे काचेच्या अपवर्तनांकावर आणि आपतन कोनावर अवलंबून असतेच, परंतु प्रकाशाचे विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेने दोलन पावते यावरही ते अवलंबून असते. येथे आपण एकच प्रसंग शेवटपर्यंत नेणार आहोत: विद्युत क्षेत्र आपतन प्रतलाला लंब आहे, काचेचा अपवर्तनांक १.५ आहे आणि आपतन कोन ६०° आहे. वाचकाला मॅक्सवेलच्या समीकरणांची तोंडओळख आणि त्रिकोणमिती एवढे येत असले की पुरे. पदवीच्या वर्गांत हे सूत्र बहुधा पाठ केले जाते. प्रत्यक्षात ते दोन साध्या समीकरणांतून निघते, आणि अडचण येते ती बहुतेक वेळा एकाच चिन्हापाशी. म्हणून त्या चिन्हापाशी आपण अधिक वेळ थांबू.

आकृती आणि अक्ष

सर्वप्रथम कागदावर आकृती काढावी. तिच्याशिवाय पुढे जाऊ नये. काचेचे पृष्ठ म्हणजे z = 0 हे प्रतल. z ऋण असलेल्या बाजूला हवा आहे आणि z धन असलेल्या बाजूला काच आहे, म्हणजेच z-अक्ष स्तंभिकेवर असून त्याचे टोक काचेच्या आत जाते. आपाती किरण आणि स्तंभिका ज्या प्रतलात असतात ते आपतन प्रतल. आपल्या आकृतीत ते xz प्रतल आहे आणि कागद म्हणजेच ते प्रतल. y-अक्ष कागदाला लंब राहतो. आपतन कोन θ₁ आणि अपवर्तन कोन θ₂ हे दोन्ही स्तंभिकेपासून मोजायचे, पृष्ठापासून नव्हे. शाळेच्या पुस्तकात अपवर्तन कोनासाठी r हे अक्षर वापरलेले असते. येथे r हे अक्षर परावर्तन गुणांकासाठी राखून ठेवले आहे, म्हणून कोनांसाठी θ घेतला आहे.

आपाती तरंगाचे विद्युत क्षेत्र y-दिशेत आहे. परावर्तित आणि अपवर्तित तरंगांचे विद्युत क्षेत्रही y-दिशेतच असेल का, हा प्रश्न नवख्या वाचकाने विचारलाच पाहिजे. उत्तर सममितीत आहे: आपतन प्रतल हा आरसा मानला, तर काच, हवा आणि किरणांच्या दिशा त्यात जशाच्या तशा राहतात आणि y-दिशेतले विद्युत क्षेत्र मात्र उलट होते. ज्या तरंगाचे विद्युत क्षेत्र आपतन प्रतलातच असते ते या आरशात बदलत नाही, त्यामुळे आपला आपाती तरंग असे क्षेत्र निर्माण करू शकत नाही. म्हणून तिन्ही तरंगांची विद्युत क्षेत्रे y-दिशेत घेता येतात. त्यांच्या आयामांना अनुक्रमे Eᵢ, Eᵣ आणि Eₜ म्हणू, आणि तिन्हींची धन दिशा एकच, म्हणजे +y, ठरवू. परावर्तित क्षेत्र प्रत्यक्षात उलट दिशेला असेल तर Eᵣ चे मूल्य ऋण येईल. ते आपण आधीच गृहीत धरायचे नाही, गणिताकडून येऊ द्यायचे.

दोन सीमा-अटी

पृष्ठावर एक लांबट, अतिशय बारीक आयत कल्पावा. त्याची एक लांब बाजू हवेत आणि दुसरी काचेत, दोन्ही पृष्ठाला समांतर. आखूड बाजू पृष्ठाला छेदतात. फॅरडेच्या नियमानुसार या आयताभोवती विद्युत क्षेत्राची जी बेरीज होते ती त्याच्या क्षेत्रफळातून जाणाऱ्या चुंबकीय अभिवाहाच्या बदलाच्या दराइतकी असते. आता आखूड बाजू शून्याकडे नेल्या की क्षेत्रफळ शून्य होते, चुंबकीय क्षेत्र कोठेही अनंत नसल्यामुळे अभिवाहही शून्य होतो, आणि उरतात त्या फक्त दोन लांब बाजू. त्यांची बेरीज शून्य यायची असेल तर विद्युत क्षेत्राचा पृष्ठाला समांतर घटक हवेच्या बाजूला जेवढा आहे तेवढाच काचेच्या बाजूला असला पाहिजे.

हाच आयत अँपिअर–मॅक्सवेल नियमासाठी वापरला, तर चुंबकीय क्षेत्र H चा पृष्ठाला समांतर घटकही दोन्ही बाजूंना समान असल्याचे दिसते; मात्र त्यासाठी पृष्ठावरून मुक्त विद्युत प्रवाह वाहत नसावा लागतो. काच विसंवाहक आहे, त्यामुळे ही अट पाळली जाते. शिवाय दृश्य प्रकाशाच्या वारंवारतेला काच चुंबकीयदृष्ट्या निर्वातासारखीच वागते, म्हणून दोन्ही माध्यमांत μ₀ घेता येतो आणि H ऐवजी सरळ B चा समांतर घटक समान मानता येतो. सर्व सूत्रांचा पाया एवढाच आहे.

लंब घटकांच्या दोन अटी उरतात. विद्युत क्षेत्राला z-घटकच नाही, तेव्हा त्याची अट आपोआप पूर्ण होते. B च्या z-घटकाची अट लिहून पाहिली, तर विद्युत क्षेत्राच्या समांतर घटकाचेच समीकरण पुन्हा मिळते. नवे काही मिळत नाही. चार अटी आणि दोनच अज्ञात राशी हे पाहून गोंधळू नये.

कोन आधी, आयाम नंतर

सीमा-अट पृष्ठावरच्या एखाद्याच बिंदूला नव्हे, तर प्रत्येक बिंदूला आणि प्रत्येक क्षणी लागू असते. पृष्ठावरून x-दिशेने चालत गेलो तर प्रत्येक तरंगाची कला ठरावीक दराने बदलत जाते, आणि हा दर म्हणजे त्या तरंगाच्या तरंग सदिशाचा x-घटक. तिन्ही तरंगांचे हे दर वेगवेगळे असते, तर एका बिंदूवर जुळलेली बेरीज शेजारच्या बिंदूवर बिघडली असती. म्हणून ते समान असले पाहिजेत. आपाती आणि परावर्तित तरंग एकाच माध्यमात असल्याने त्यांच्यासाठी परावर्तन कोन आपतन कोनाइतका येतो; आपाती आणि अपवर्तित तरंगांसाठी स्नेलचा नियम मिळतो:

n₁ sin θ₁ = n₂ sin θ₂

म्हणजे परावर्तनाचे आणि अपवर्तनाचे नियम वेगळे गृहीत धरावे लागत नाहीत. तेही सीमा-अटींतूनच येतात. आता कला जुळल्या आहेत, तेव्हा सर्व बिंदूंना समान असलेला दोलनाचा भाग गाळून फक्त आयामांची समीकरणे लिहिता येतील.

विद्युत क्षेत्राची अट एका ओळीत संपते. हवेत आपाती आणि परावर्तित असे दोन तरंग आहेत, काचेत एकच आहे, आणि तिन्हींची क्षेत्रे संपूर्णपणे पृष्ठाला समांतर आहेत:

Eᵢ + Eᵣ = Eₜ

चुंबकीय क्षेत्राचे चिन्ह

आता ज्या जागी बहुतेकांचे गणित चुकते तेथे येऊ. प्रत्येक तरंगात विद्युत क्षेत्र, चुंबकीय क्षेत्र आणि तरंगाची पुढे जाण्याची दिशा ही परस्परांना लंब असतात, आणि त्यांचा संबंध असा आहे:

B = (k × E) / ω

यात k हा तरंग सदिश आहे आणि त्याची लांबी nω/c आहे. E हे y-दिशेत असताना हा सदिश गुणाकार करून पाहिला, तर B चा x-घटक हा k च्या z-घटकाला E ने गुणून, ω ने भागून आणि आधी उणे चिन्ह लावून मिळतो. म्हणजे B चा पृष्ठाला समांतर घटक कोणत्या दिशेला असेल हे तरंग काचेकडे चालला आहे की काचेपासून दूर चालला आहे यावर ठरते. आपाती आणि अपवर्तित तरंग +z कडे जातात, परावर्तित तरंग −z कडे जातो. म्हणून तिन्हींचे x-घटक असे आहेत (सगळीकडे समान असलेला 1/c हा भाग गाळला आहे):

आपाती: −n₁ Eᵢ cos θ₁

परावर्तित: +n₁ Eᵣ cos θ₁

अपवर्तित: −n₂ Eₜ cos θ₂

परावर्तित तरंगाचे चिन्ह वेगळे आहे, याचे कारण उजव्या हाताच्या नियमाने पडताळून पाहावे. बोटे E च्या दिशेने धरून B कडे वळवली की अंगठा तरंगाच्या गतीची दिशा दाखवतो. गती उलटली आणि E तसेच ठेवले, तर B उलटलेच पाहिजे. E आणि B दोन्ही तसेच ठेवून तरंग मागे फिरवता येत नाही. आकृतीत तिन्ही तरंगांवर B चे बाण काढून दाखवण्याची सवय लावून घ्यावी. ते काढताना चूक झाली तर डोळ्यांना दिसते, समीकरणात ती लपून राहते.

हवेतील दोन घटकांची बेरीज काचेतील घटकाइतकी ठेवली आणि चिन्हे सरळ केली की दुसरे समीकरण मिळते:

n₁ cos θ₁ (Eᵢ − Eᵣ) = n₂ cos θ₂ Eₜ

समजा कोणी कंसात उणेऐवजी अधिक चिन्ह लिहिले. मग कंसातली राशी पहिल्या समीकरणानुसार Eₜ होते, आणि दोन्ही बाजूंचा Eₜ छेदला की n₁ cos θ₁ = n₂ cos θ₂ एवढेच उरते. हवा आणि काचेसाठी हे कोणत्याही कोनाला खरे नाही. गुणांक मिळण्याऐवजी कोनांवरच अशक्य अट येऊन पडली, तर चूक परावर्तित तरंगाच्या चुंबकीय क्षेत्रात आहे हे निश्चित समजावे.

गुणांक

पहिल्या समीकरणातला Eₜ दुसऱ्यात घालावा, Eᵣ असलेली पदे एका बाजूला आणावीत आणि Eᵢ ने भागावे:

r = Eᵣ / Eᵢ = (n₁ cos θ₁ − n₂ cos θ₂) / (n₁ cos θ₁ + n₂ cos θ₂)

पारगमनाचा गुणांक वेगळा काढायची गरज नाही, कारण पहिले समीकरण Eᵢ ने भागले की t = 1 + r हे लगेच मिळते. या प्रकारच्या ध्रुवणाला s हे अक्षर जोडतात आणि r ला rₛ असेही लिहितात. हे सूत्र ऑगस्टिन फ्रेनेल याने १८२३ साली मांडले, तेव्हा मॅक्सवेलची समीकरणे अस्तित्वात नव्हती. त्याने प्रकाश म्हणजे लवचीक ईथरमधली कंपने असे मानले होते. आपण येथे वापरलेल्या विद्युतचुंबकीय सीमा-अटींवरून ते हेंड्रिक लोरेन्ट्झ याने १८७५ च्या आपल्या प्रबंधात काढले. गृहीतके बदलली तरी सूत्र टिकून राहिले, हे मला या विषयातले फार लक्षणीय वाटते.

हवेसाठी n₁ = 1 घेऊन आणि काचेच्या अपवर्तनांकाला नुसते n म्हणून स्नेलच्या नियमाने θ₂ काढून टाकता येतो. n cos θ₂ म्हणजे √(n² − sin² θ₁). हा वर्गमूळाचा भाग a आणि cos θ₁ हा b मानला, तर r = (b − a)/(b + a). अंश आणि छेद दोन्हींना (a − b) ने गुणले की छेदात a² − b² येतो, आणि तो कोणत्याही कोनाला n² − 1 इतकाच असतो. म्हणून:

r = −(a − b)² / (n² − 1)

हे रूप मला मूळ सूत्रापेक्षा अधिक बोलके वाटते, कारण त्यातून तीन गोष्टी न मोजता दिसतात. काचेसाठी a नेहमी b पेक्षा मोठा असतो, म्हणून r नेहमी ऋण असतो. त्याच कारणाने तो कधीही शून्य होत नाही. आणि कोन वाढवत नेला की b लहान होत जातो, a त्यापेक्षा मंद गतीने लहान होतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक आणि त्याबरोबर परावर्तन सतत वाढत जाते.

r ऋण असणे याचा अर्थ असा की पृष्ठावर परावर्तित विद्युत क्षेत्र आपाती क्षेत्राच्या नेमके उलट दिशेला असते, म्हणजे कलेत १८०° चा फरक पडतो. हंफ्री लॉइड याने १८३४ साली एकाच आरशाने केलेल्या व्यतिकरणाच्या प्रयोगात याचा परिणाम दिसतो: जेथे दोन्ही किरणांचे मार्ग समान लांबीचे होतात तेथे उजळ नव्हे तर काळी पट्टी अपेक्षित असते.

परावर्तन शून्य का होत नाही याचे भौतिक कारणही सांगण्याजोगे आहे. काचेतील इलेक्ट्रॉन आत शिरलेल्या क्षेत्राबरोबर y-दिशेत दोलन पावतात आणि परावर्तित प्रकाश हा त्यांच्याच उत्सर्जनातून घडतो. दोलन पावणारा द्विध्रुव आपल्या दोलनाच्या रेषेत प्रकाश टाकत नाही, परंतु त्या रेषेला लंब असलेल्या प्रतलात सर्व दिशांना सारखाच टाकतो. आपले आपतन प्रतल नेमके तसेच लंब प्रतल आहे, त्यामुळे परावर्तनाची दिशा कोठेही वळली तरी ती कधीच अंधाऱ्या दिशेत सापडत नाही. विद्युत क्षेत्र आपतन प्रतलात असते तेव्हा मात्र ते घडते, आणि त्या कोनाला ब्रूस्टर कोन म्हणतात.

साठ अंशांचे उदाहरण

n = १.५ आणि θ₁ = ६०° घेऊ. sin ६०° = ०.८६६० आणि त्याचा वर्ग ०.७५. म्हणून a = √(२.२५ − ०.७५) = √१.५ = १.२२४७, आणि b = cos ६०° = ०.५. मग

r = (०.५ − १.२२४७) / (०.५ + १.२२४७) = −०.७२४७ / १.७२४७ = −०.४२०

दुसऱ्या रूपाने पडताळणी करावी: ०.७२४७ चा वर्ग ०.५२५२, त्याला १.२५ ने भागले की ०.४२० येतात. दोन्ही उत्तरे जुळतात. अपवर्तन कोन हवा असेल तर sin θ₂ = ०.५७७४ वरून तो ३५.२६° येतो.

परावर्तित होणाऱ्या शक्तीचे प्रमाण R हे r चा वर्ग, म्हणजे ०.१७७ आहे. आपाती शक्तीपैकी सुमारे १७.७ टक्के परत फिरते. तुलनेसाठी, हीच काच सरळ समोरून पाहिली तर ४ टक्के, ४५° ला ९.२ टक्के आणि ८०° ला ५३.९ टक्के परावर्तन मिळते.

कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर राहिला असेल तर cos ६० हा −०.९५२ येतो. ० ते ९०° मधल्या कोनाचा cos ऋण येऊच शकत नाही, तेव्हा हे लक्षात यायला वेळ लागू नये. सरळ आपतनाचे ४ टक्के आधी काढून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी आहे, कारण तेथे r = (१ − १.५)/(१ + १.५) = −०.२ हे तोंडीही करता येते.

ऊर्जेचा हिशेब

t = १ − ०.४२० = ०.५८०. त्याचा वर्ग ०.३३६. आता R मध्ये हा मिळवला तर ०.५१३ येतात, आणि जवळजवळ निम्मी ऊर्जा हरवल्याचा भास होतो. येथे अनेक जण मागे जाऊन r चे सूत्र तपासत बसतात, पण चूक तेथे नसते. पृष्ठाच्या ठरावीक क्षेत्रफळातून पलीकडे जाणारी शक्ती नुसत्या आयामाच्या वर्गावर अवलंबून नसते. काचेत त्याच आयामाचा तरंग n पट शक्ती वाहून नेतो, आणि आत शिरताना झोताची रुंदीही बदलते: पृष्ठावरचा तोच पट्टा हवेतल्या झोताला cos θ₁ च्या प्रमाणात आणि काचेतल्या झोताला cos θ₂ च्या प्रमाणात रुंदी देतो. म्हणून

T = (n₂ cos θ₂ / n₁ cos θ₁) t²

आपल्या उदाहरणात कंसातला गुणक १.२२४७ / ०.५ = २.४४९ आहे, आणि T = २.४४९ × ०.३३६२ = ०.८२३. आता R + T = १. परावर्तित झोताला असा गुणक लागत नाही, कारण तो त्याच माध्यमात आणि त्याच कोनात परत जातो.

हे केवळ योगायोगाने जुळत नाही. दोन्ही सीमा-अटींचा परस्परांशी गुणाकार केला तर डाव्या बाजूला n₁ cos θ₁ (Eᵢ² − Eᵣ²) आणि उजव्या बाजूला n₂ cos θ₂ Eₜ² मिळते. हेच ऊर्जेच्या अक्षय्यतेचे विधान आहे. याचा अर्थ, गुणांक काढताना ऊर्जेचे समीकरण तिसरी अट म्हणून वापरण्याची गरज नाही. ते पहिल्या दोहोंतच आहे.

प्रयोगात काय दिसते आणि काय फसवते

हे सूत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लेसर, पोलरॉइड, फिरते टेबल आणि फोटोडायोड यांनी तपासता येते. लेसरच्या मार्गात पोलरॉइड ठेवून आधी आपतन कोन ५६.३° करावा, हा १.५ अपवर्तनांकाच्या काचेचा ब्रूस्टर कोन आहे. पोलरॉइड फिरवत गेल्यावर परावर्तित ठिपका एका स्थितीत जवळजवळ नाहीसा होतो. त्या स्थितीत विद्युत क्षेत्र आपतन प्रतलात आहे. तेथून पोलरॉइड नेमका ९०° फिरवला की आपल्याला हवे असलेले लंब ध्रुवण मिळते. पोलरॉइडवरच्या खुणेवर विसंबण्यापेक्षा ही रीत खात्रीची आहे. आपाती शक्ती मोजायची ती पोलरॉइडच्या पुढे, म्हणजे पोलरॉइड आणि काच यांच्या दरम्यान. आणि लेसर झाकून खोलीतल्या प्रकाशाचे जे वाचन येते ते प्रत्येक मापातून वजा करावे.

समजा ६०° ला १७.७ टक्क्यांऐवजी सुमारे ३० टक्के मोजले गेले. तरी सूत्र बरोबरच आहे. काचेला मागची बाजूही आहे आणि तिथूनही परावर्तन होते. आत शिरलेला झोत मागच्या पृष्ठावर ३५.२६° ने पडतो. तेथे n₁ आणि n₂ यांची अदलाबदल होते, त्यामुळे r चे चिन्ह बदलून +०.४२० होते, पण R तेवढाच ०.१७७ राहतो. पहिल्या पृष्ठातून आत जाताना ०.८२३, मागे ०.१७७ आणि बाहेर येताना पुन्हा ०.८२३ असा गुणाकार केला की दुसऱ्या ठिपक्यात १२.० टक्के शक्ती मिळते. त्यानंतरचा तिसरा ठिपका अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. १७.७ आणि १२.० यांची बेरीज म्हणजेच ते तीस टक्के.

हे दोन ठिपके वेगळे करणे अवघड नाही. d जाडीच्या पट्टीसाठी परावर्तित झोतांमधले लंब अंतर 2d tan θ₂ cos θ₁ इतके असते. ६०° ला ते ०.७०७ d होते. पाच मिलिमीटर जाडीची पट्टी घेतली तर अंतर साडेतीन मिलिमीटर पडते आणि अरुंद लेसर झोतांपैकी मागचा झोत काळ्या कागदाने अडवता येतो. सूक्ष्मदर्शकाच्या एक मिलिमीटर जाडीच्या काचपट्टीवर मात्र ते एकमेकांत मिसळतात, म्हणून ती वापरू नये. लोलकाचे एक पृष्ठ वापरले तर मागचे परावर्तन वेगळ्याच दिशेने जाते आणि प्रश्नच उरत नाही. चष्म्याची किंवा कॅमेऱ्याची भिंगे या प्रयोगाला चालत नाहीत, कारण त्यांवर सहसा परावर्तन कमी करणारा पातळ थर असतो, आणि आपण काढलेले सूत्र एकाच स्वच्छ सीमेसाठी आहे. रंगीत, प्रकाश शोषणाऱ्या काचेत आतून जाणारी शक्ती घटते आणि R + T = १ हा हिशेब बाहेर मोजलेल्या शक्तीने जुळत नाही, परंतु शोषण सौम्य असेल तर पहिल्या ठिपक्याचे मूल्य तेवढेच राहते.

ध्रुवणाची दिशा किती काटेकोर हवी, याची चिंता नवखे विद्यार्थी आवश्यकतेपेक्षा जास्त करतात. पोलरॉइड ५° ने चुकला, तर प्रकाशाचा फक्त ०.८ टक्के भाग दुसऱ्या ध्रुवणात जातो. त्या ध्रुवणाचे परावर्तन ६०° ला नगण्य असल्याने मोजलेले मूल्य १७.७ ऐवजी १७.५ टक्के येईल, इतकेच. आपतन कोनाचे तसे नाही. ६०° ऐवजी ६१° झाले तर R १८.६ टक्के होतो, म्हणजे एका अंशाला जवळजवळ एक टक्का. कोन जितका मोठा, तितकी ही वाढ तीव्र होत जाते.

म्हणून शून्य अंशाची स्थिती टेबलावरच्या आकड्यांवरून न घेता लेसरवरून ठरवावी: परावर्तित ठिपका लेसरच्या तोंडावर परत पडेपर्यंत काच फिरवावी, तेथले वाचन नोंदवावे, आणि ६०° त्या वाचनापासून मोजावे. काच ६०° फिरली की परावर्तित झोत १२०° फिरतो, आणि फोटोडायोडचा हात तेवढा फिरवल्यावर ठिपका त्याच्या मध्यावर पडतो का हे पाहिले की कोनाची स्वतंत्र पडताळणीही होते.